परदेशी एमएससाठी प्राध्यापकांचं शिफारसपत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. गणपती जवळ आले की केबिनच्या दाराशी बीईची मुलं आणि दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेली मुलं घुटमळायला लागतात. "मॅडम, एलओआर हवं होतं." त्यानंतर जे प्रश्न येतात ते दरवर्षी जवळपास तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. माझा अनुभव मुख्यतः अमेरिकेतल्या एमएसच्या अर्जांचा आहे, त्यामुळे उत्तरंही त्याच अंगाने आहेत. इतर देशांबद्दल एका प्रश्नात थोडंसं लिहिलं आहे.

पत्र वाचतं कोण, आणि त्यात काय बघतं?

बहुतेक ठिकाणी त्या विभागातलेच काही प्राध्यापक मिळून अर्ज वाचतात. तुमची मार्कशीट त्यांच्यासमोर असते, एसओपी असतो, रेझ्युमे असतो. त्यामुळे "या विद्यार्थ्याला 8.6 सीजीपीए आहे" हे पत्रात वाचून त्यांना नवीन काहीच कळत नाही. शिवाय आपल्या विद्यापीठातला 8.6 म्हणजे नेमका किती, हे त्यांना बाहेरून कळणं अवघडच आहे.

त्यांना हवं असतं ते मार्कशीटवर न दिसणारं. प्रयोग फसला तेव्हा हा मुलगा काय करतो? न सांगता पुढचं वाचून येतो का? चार जणांच्या ग्रुपमध्ये काम नक्की कोण करत होतं? ही माहिती फक्त जवळून पाहिलेला माणूस देऊ शकतो, आणि म्हणूनच ते अर्जदाराला न विचारता त्याच्या शिक्षकाला विचारतात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ या एका गोष्टीत आहे.

मग पत्र एचओडींचं घ्यावं की प्रिन्सिपल सरांचं?

दोघांपैकी कुणी तुमचं काम पाहिलं असेल तरच. पदापेक्षा ओळख मोठी. प्रिन्सिपल सरांनी तुम्हाला गॅदरिंगला बक्षीस देताना पाहिलं असेल, तर त्यांच्या पत्रात "विद्यार्थी हुशार, कष्टाळू आणि शिस्तप्रिय आहे" याच्यापुढे काय येणार? असं पत्र खोटं नसतं, पण रिकामं असतं. वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

अमेरिकेत साधारण तीन पत्रं मागतात. माझ्या मते पहिलं नाव प्रोजेक्ट गाइडचं. त्यांनी तुम्हाला वर्षभर दर आठवड्याला पाहिलेलं असतं. दुसरं, तुम्ही ज्या विषयात एमएस करणार आहात त्या विषयाच्या शिक्षकांचं, आणि त्यातही ज्यांनी तुमची ओरल घेतली किंवा लॅब घेतली त्यांचं. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात लेक्चरला कोण काय विचार करतंय हे आम्हाला फारसं दिसत नाही. लॅबमध्ये वीस मुलांच्या बॅचमध्ये दिसतं. तिसरं पत्र इंटर्नशिप, सेमिनार, बाहा किंवा रोबोकॉनसारख्या स्पर्धेचे फॅकल्टी अ‍ॅडव्हायजर यांच्यापैकी कुणाचं घेता येतं.

साधे लेक्चरर असलेले, वयाने तरुण सर असले तरी बिचकू नका. त्यांचं नेमकेपणाने लिहिलेलं एक पान हे डीनच्या सहीच्या चार ओळींपेक्षा कितीतरी उपयोगी.

कंपनीतल्या मॅनेजरचं पत्र चालतं का?

दोन वर्षं नोकरी झाली असेल तर तीनपैकी एक जरूर घ्या. तिन्ही मात्र घेऊ नका, कारण एमएस हा अभ्यासक्रम आहे आणि तुम्ही अभ्यास कसा करता हे सांगणारा निदान एक माणूस, शक्यतो दोन, हवेत. मॅनेजरनी तुम्ही सोडवलेल्या तांत्रिक प्रश्नाबद्दल लिहावं. "वेळेवर येतो, टीममध्ये मिसळतो" हे नोकरीच्या संदर्भपत्राला ठीक आहे.

केव्हा मागावं?

फॉल इनटेकच्या कित्येक अंतिम तारखा 1 डिसेंबर, 15 डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला असतात. आता आमच्या बाजूने पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी, तिच्या मागेपुढे ओरल-प्रॅक्टिकल, मग सेमिस्टरची परीक्षा आणि पेपर तपासणी. म्हणजे नेमकं तुम्हाला पत्र हवं असतं तेव्हा आमच्याकडे सर्वांत कमी वेळ असतो.

म्हणून विचारायचं ऑगस्टमध्ये, माहिती द्यायची सप्टेंबरमध्ये, आणि पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी लिहून तयार असावं असं बघायचं. विद्यापीठांची यादी तोवर पक्की नसली तरी बिघडत नाही. अंतिम तारखेच्या दहा दिवस आधी आलेल्या मुलाला मी नाही म्हणत नाही, पण त्याला मिळणारं पत्र घाईतलं असतं, हे त्यालाही मी सांगते.

विचारायचं कसं? फोनवर, मेलवर की भेटून?

शक्य असेल तर भेटून, आणि आधी वेळ घेऊन. प्रश्नाचा सूर महत्त्वाचा आहे. "मॅडम, एलओआर द्याल ना?" याला नाही म्हणणं कुणालाही जड जातं, म्हणून आम्ही हो म्हणतो. त्याऐवजी असं विचारून बघा: "मॅडम, मी तुमच्याकडे हीट ट्रान्सफर आणि प्रोजेक्ट केला. माझ्या कामाबद्दल उदाहरणासकट लिहिता येईल इतकं तुम्हाला आठवतंय का?"

यात समोरच्याला सुटकेची वाट राहते. सर थबकले, किंवा "लिहितो रे, पण दुसऱ्या कुणालाही विचारून बघ" म्हणाले, तर तो नकार आहे असं समजा आणि आभार मानून दुसरीकडे जा. नाराज होण्यासारखं त्यात काही नाही. त्यांनी तुम्हाला एका कोरड्या पत्रापासून वाचवलं आहे.

"तूच ड्राफ्ट लिहून आण, मी सही करतो," असं सर म्हणाले. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर देताना मला आमच्याच लोकांबद्दल थोडं कडू बोलावं लागतं. आपल्याकडे ही पद्धत पडून गेली आहे. कारणंही आहेत: एकेका शिक्षकाकडे वीस-वीस मुलं येतात, इंग्रजीत दीड पान लिहायचा कंटाळा असतो, आणि "त्याला काय हवंय ते त्यालाच माहीत" असा एक भाबडा समजही असतो.

पण यात नुकसान तुमचं होतं. पहिलं असं की आपलंच कौतुक आपण लिहायला बसलो की हात एकतर आखडतो किंवा सैल सुटतो, आणि दोन्हीकडे शब्द तेच येतात: मेहनती, जिज्ञासू, नेतृत्वगुण असलेला. दुसरं, तुम्ही पाहिलेलं आणि सरांनी पाहिलेलं वेगळं असतं. मुलाला वाटतं की प्रोजेक्टला मिळालेलं बक्षीस मोठं. गाइडला आठवतं की सगळे घरी गेल्यावर हा एकटा बेअरिंगचा आवाज ऐकत उभा होता. ड्राफ्टमध्ये बक्षीस येतं, बेअरिंग येत नाही. तिसरं, तिन्ही पत्रं एकाच हाताची असली की ती तशी वाचतातही. तीच वाक्यरचना, तोच लाडका शब्द, तसाच शेवट. समितीतली माणसं आयुष्यभर विद्यार्थ्यांचे निबंध तपासत आलेली असतात, त्यांच्या नजरेतून हे सुटेल असं समजू नका. आणि पोर्टलवर पत्र देताना शिक्षकाला ते पत्र आपलं आहे असं सांगावं लागतं, तेव्हा ते खरंच त्याचं असायला हवं.

मग सरांना तोंडावर नाही म्हणायचं का? नको. असं म्हणा: "सर, ड्राफ्टऐवजी मी सगळी माहिती मुद्द्यांमध्ये एका पानावर आणून देतो. तारखा, आकडे, आपण काय काय केलं ते सगळं. त्यावरून तुम्हाला लिहायला सोपं जाईल." बहुतेक सर याला तयार होतात, कारण त्यांना खरी अडचण आठवण्याची असते. आठवण करून दिली की लिहिणं तितकं जड जात नाही. फारच वेळ नसेल तर सरांच्या समोर बसा, ते बोलतील ते टिपून घ्या आणि टाइप करून त्यांच्याकडे द्या. शब्द त्यांचेच राहतात, ते त्यात हवं ते बदलतात, आणि तुमच्याकडून फक्त टायपिंग होतं. इतकं करूनही ते तुमच्याच ड्राफ्टवर अडून बसले, तर मी तरी दुसरे शिक्षक शोधा असंच सांगेन.

त्या एका पानावर काय लिहायचं?

तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या वर्षी, कोणत्या सेमिस्टरला, काय शिकलात. प्रोजेक्टचं नाव, ग्रुपमध्ये कोण, आणि त्यातलं तुमच्या एकट्याचं काम कोणतं. पुढे कोणत्या विषयात एमएस करायचं आहे आणि का, हे चार ओळीत. विद्यापीठांची यादी आणि प्रत्येकाची तारीख. सोबत मार्कशीट आणि एसओपीचा कच्चा खर्डा.

पण त्या पानाचा जीव असतो दोन-तीन प्रसंगांत. प्रसंग म्हणजे जिथे काहीतरी अडलं, तुम्ही काहीतरी ठरवलं, आणि ते त्या शिक्षकांनी पाहिलं. विशेषणं अजिबात लिहू नका. ती लावायची की नाही हे आम्ही ठरवू.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. नाव आणि वर्ष गाळलं आहे. चौघींचा प्रोजेक्ट होता द्राक्षांपासून बेदाणे करण्यासाठी सोलर ड्रायरचा. आत सहा ठिकाणी थर्मोकपल लावले होते. तिने आणून दिलेल्या पहिल्या पानावर होतं: "सोलर ड्रायरचं डिझाइन केलं, रीडिंग्ज घेतली, रिपोर्ट लिहिला, दुसरं बक्षीस मिळालं." मी तिला म्हटलं, "अगं, ती उकळत्या पाण्याची गोष्ट कुठे गेली?" ती म्हणाली, "मॅडम, ती तर आमची चूक होती ना! ती कशाला सांगायची?"

झालं असं होतं. सहाव्या जागचं तापमान कायम बाकीच्यांपेक्षा सुमारे 3 अंश जास्त यायचं. बाकीच्या मुली म्हणायच्या की त्या कोपऱ्यात गरम हवा साठते. स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं, आणि रिपोर्टमध्ये छानही दिसलं असतं. हिला ते पटेना, कारण सकाळी ऊन पडायच्या आधीही फरक तेवढाच होता. तिने सहाही थर्मोकपल काढून वितळत्या बर्फात घातले. पाचांनी शून्याच्या आसपास दाखवलं, सहाव्याने 3. मग उकळत्या पाण्यात घातले. पाचांनी 98 दाखवलं, सहाव्याने 101. आता मैत्रिणींना वाटलं की सहावाच बरोबर असेल, कारण तो शंभरच्या जास्त जवळ आहे! हिने सांगितलं की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. म्हणजे पाच बरोबर, सहावा सगळीकडे 3 अंश जास्त दाखवतोय.

तो 3 अंशांचा फरक वजा करून जुनी रीडिंग्ज वापरता आली असती. पण तो कधीपासून बिघडला होता याची नोंद त्यांच्याकडे नव्हती, म्हणून तिने नऊ दिवसांची रीडिंग्ज बाजूला ठेवायला ग्रुपला राजी केलं आणि नवा थर्मोकपल लावून पुन्हा सुरुवात केली. सबमिशन जवळ आलेलं असताना हे पटवून देणं सोपं नव्हतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, पण तिने आठवण दिली नसती तर बर्फातलं आणि उकळत्या पाण्यातलं नेमकं रीडिंग मला लिहिता आलं नसतं. ते आकडे तिच्या लॉगबुकात होते.

त्या प्रसंगाचं पत्रात काय होतं?

पत्र इंग्रजीत असतं, पण इथे आशय मराठीत सांगते. पहिल्या परिच्छेदात मी तिला कधीपासून आणि कशी ओळखते: टीईला हीट ट्रान्सफर शिकवलं, तिच्या बॅचची लॅब घेतली, बीईला प्रोजेक्ट गाइड होते. यात मी वर्गाचा आकारही सांगते, कारण "वर्गात पहिल्या पाचात" याचा अर्थ वर्ग वीसचा की सत्तरचा यावर ठरतो.

दुसरा परिच्छेद पूर्ण थर्मोकपलचा. वर सांगितलं तसाच, ओळीने, आकड्यांसकट. शेवटी माझं मत एका वाक्यात: सोयीचं उत्तर हातात असताना ते तपासून पाहायची सवय मी बीईच्या मुलांत क्वचित पाहिली आहे, आणि हिच्यात ती आहे. "प्रामाणिक" किंवा "संशोधक वृत्ती" हे शब्द पत्रात कुठेही नव्हते. वाचणाऱ्याने ते स्वतः मनात म्हणायचे असतात.

तिसऱ्यात तिची कमतरता. ती सेमिनारला फार हळू आणि खाली बघून बोलायची. मी ते लिहिलं, आणि बीईच्या शेवटच्या प्रेझेंटेशनला तिने एक्स्टर्नलच्या प्रश्नांना कशी उत्तरं दिली तेही लिहिलं. एकही उणीव नसलेल्या माणसाचं वर्णन कुणालाच खरं वाटत नाही. चौथा परिच्छेद लहान: ती थर्मल सायन्सेसमध्ये एमएस करतेय ते तिला का साजेसं आहे, आणि मी तिला कितपत ठामपणे सुचवते. सगळं मिळून सव्वा पान. दोन पानांच्या वर पत्र नेऊ नये असं मला वाटतं.

पोर्टलवर "वरचे 5 टक्के, 10 टक्के" असा तक्ता असतो. मॅडम, सगळीकडे सर्वांत वरचं द्याल ना?

नाही देणार, आणि का ते समजून घ्या. सत्तरच्या वर्गात वरचे 5 टक्के म्हणजे साडेतीन मुलं. त्या वर्षी माझ्याकडे आठ जण पत्राला आले आणि आठही जणांना मी तोच रकाना दिला, तर त्यातले निदान चार खोटे ठरतात. एकाच कॉलेजातून एकाच विद्यापीठात तीन-चार मुलं अर्ज करतात, आणि ते अर्ज त्याच समितीसमोर शेजारी-शेजारी जाऊ शकतात. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांच्या पत्रावरही त्याचा परिणाम होतो.

शिवाय तक्ता आणि पत्र यांचा मेळ बसला पाहिजे. पत्रात "बोलण्यात संकोची" आणि तक्त्यात संवादकौशल्य वरच्या 2 टक्क्यांत, असं झालं की दोन्हीवरचा विश्वास उडतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीला मी प्रयोगकौशल्यात सर्वांत वरचा रकाना दिला, बोलण्यात मधला. जे पाहिलं नाही तिथे "निरीक्षणाची संधी मिळाली नाही" असा पर्याय बहुतेक फॉर्मवर असतो, तो मी निःसंकोच वापरते.

मला एम-थ्रीत केटी लागली होती. पत्रात त्याचा उल्लेख करायला सांगू का?

केटी मार्कशीटवर दिसणारच आहे. शिक्षकांना तिचं कारण स्वतः माहीत असेल, म्हणजे त्या सेमिस्टरला तुम्ही आजारी होतात किंवा घरी काही घडलं होतं आणि त्यांनी ते पाहिलं होतं, तर दोन ओळी लिहायला सांगा. शिक्षकाने सांगितलेल्या कारणाला वजन असतं. पण तुम्ही आत्ता सांगितलेलं कारण त्यांनी साक्षीदारासारखं लिहावं अशी अपेक्षा धरू नका. तेव्हा ते एसओपीत तुमच्या तोंडून आलेलं बरं. आणि घरातली किंवा तब्येतीची खासगी गोष्ट लिहायची की नाही हा निर्णय तुमचाच असतो, मी विचारल्याशिवाय कधी लिहीत नाही.

अर्जात `waive` असं काहीतरी विचारतात. हो म्हणायचं की नाही?

अमेरिकेत 1974 चा एक कायदा आहे, त्याला फेर्पा म्हणतात. त्यानुसार विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क असतो, आणि त्यात शिफारसपत्रंही येऊ शकतात. अर्ज भरताना तुम्हाला विचारतात की पत्र पाहायचा हा हक्क तुम्ही सोडता का. तो सोडायची सक्ती विद्यापीठ करू शकत नाही आणि त्यावर प्रवेश अवलंबून ठेवू शकत नाही. हक्कही प्रवेश घेऊन तिथे गेल्यावरचा आहे. ज्यांनी प्रवेश नाकारला त्यांच्याकडे तो मागता येत नाही.

माझा सल्ला: सोडा. "हक्क सोडलेला नाही" अशी नोंद पत्रासोबत दिसली, तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की शिक्षकाने हात राखून लिहिलं आहे. ज्यांच्या पत्रावर तुमचा इतका विश्वास नाही, त्यांच्याकडे मुळात पत्र मागू नये. मात्र एकदा निवडलेला पर्याय शिक्षकांना लिंक गेल्यावर सहसा बदलता येत नाही, तेव्हा बटण दाबण्याआधी नीट वाचा.

सर जीमेल वापरतात. चालेल?

शक्यतो कॉलेजचाच मेल आयडी द्या, म्हणजे शेवटी `.ac.in` किंवा `.edu.in` असलेला. काही पोर्टलं खासगी मेल स्वीकारत नाहीत, काही स्वीकारतात पण शंका घेतात. अडचण अशी की आपल्याकडे बऱ्याच शिक्षकांना कॉलेजचा आयडी दिलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसतो. म्हणून सप्टेंबरमध्येच सरांना त्या आयडीवर एक साधा मेल टाका आणि उत्तर येतं का पाहा. नाही आलं तर कॉलेजच्या सिस्टिम अ‍ॅडमिनकडे जाऊन पासवर्ड नवा करून घ्यायला वेळ हातात असतो. कॉलेजने आयडीच दिला नसेल, तर सरांनी पत्र लेटरहेडवर लिहावं, पद आणि कॉलेजचा फोन नंबर द्यावा, आणि विभागाच्या वेबसाइटवर त्यांचं नाव व तोच मेल दिसत असेल तर उत्तम.

सरांच्या नावाने स्वतः नवा आयडी काढून पत्र आपणच चढवायचं, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. एका कन्सल्टन्सीने आमच्या एका मुलासाठी माझ्याच नावाने असा आयडी काढला होता. मला ते कळलं कारण विद्यापीठाने कॉलेजच्या पत्त्यावर मेल करून विचारलं, की हे पत्र तुमचं आहे का. मला खरं उत्तर द्यावं लागलं. तो मुलगा वाईट नव्हता, अभ्यासातही बरा होता. मी त्याला ओळखतही होते, त्याने मागितलं असतं तर मी पत्र दिलं असतं. असा प्रकार प्रवेश मिळाल्यावर उघडकीला आला तरी प्रवेश रद्द होऊ शकतो.

लिंक आलीच नाही असं मॅडम म्हणतात. काय झालं असेल?

बहुतेक वेळा ती स्पॅममध्ये असते. मेल विद्यापीठाच्या किंवा अर्ज हाताळणाऱ्या यंत्रणेच्या नावाने येतो, तुमच्या नावाने येत नाही, त्यामुळे शोधताना तुमचं नाव टाकून तो सापडेलच असं नाही. तुम्ही पोर्टलवर शिक्षकांचं नाव आणि मेल भरून `Send` केलं की त्याच दिवशी त्यांना कळवा: आज अमुक विद्यापीठाचा मेल येईल. काही विद्यापीठं ही लिंक तुम्ही पूर्ण अर्ज सबमिट केल्यावरच पाठवतात. अशा ठिकाणी शेवटच्या रात्री सबमिट केलंत तर शिक्षकांना वेळच उरत नाही. मेलच्या स्पेलिंगमधली एका अक्षराची चूकही मी बऱ्याचदा पाहिली आहे.

दहा विद्यापीठं आहेत. दहा वेगळी पत्रं लागतात का?

पत्र एकच पुरतं, पण फॉर्म दहा भरावे लागतात, आणि प्रत्येकात तक्ता, ओळख किती वर्षांची, पद, फोन हे सगळं पुन्हा. एका फॉर्मला पंधरा-वीस मिनिटं धरा. म्हणून यादी आठच्या आत ठेवलीत तर शिक्षकांवर उपकार होतील. पत्रात एखाद्या विद्यापीठाचं नाव घातलं असेल तर मात्र सांभाळा. एकाचं पत्र दुसरीकडे चढलं की फार वाईट दिसतं. मी नाव घालतच नाही, "आपल्या अभ्यासक्रमासाठी" एवढंच लिहिते.

पास होऊन तीन वर्षं झाली, सरांनी कॉलेजही सोडलं. आता?

त्यांनाच विचारा. ते आत्ता जिथे असतील तिथल्या आयडीवरून आणि लेटरहेडवर लिहू शकतात, फक्त तुम्हाला कोणत्या कॉलेजात आणि कधी शिकवलं ते पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहावं. निवृत्त झालेले सरही लिहू शकतात. जुनी लॉगबुकं, प्रोजेक्ट रिपोर्टची पीडीएफ, सेमिनारच्या स्लाइड्स जपून ठेवल्या असतील तर अशा वेळी खूप कामाला येतात. तीन वर्षांत आमच्यासमोरून दोनशे मुलं गेलेली असतात, चेहरा आठवतो पण काम आठवेलच असं नाही.

जर्मनी किंवा इंग्लंडला जाणार असेन तर?

जर्मनीतल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत पत्र मागतच नाहीत. जिथे मागतात तिथे साधारण दोन. इंग्लंडला एक किंवा दोन लागतात, आणि तिथे पत्र थोडं आटोपशीर चालतं. कोणत्याही देशासाठी त्या अभ्यासक्रमाचं स्वतःचं पान वाचा, कारण एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांचे नियमही वेगळे असतात.

आज शेवटची तारीख आहे आणि सरांनी अजून भरलं नाही!

आधी वेळ बघा. अमेरिकेतल्या ईस्टर्न टाइमप्रमाणे रात्री 11:59 म्हणजे डिसेंबरमध्ये आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 10:29. पॅसिफिक टाइमचं विद्यापीठ असेल तर दुपारी 1:29. म्हणजे बहुधा तुमच्याकडे अजून एक सकाळ आहे. पोर्टलवरून `Resend` किंवा `Reminder` करा, आणि सरांना मेल न करता फोन करा किंवा केबिनला जा. ते परीक्षेच्या ड्युटीवर असतील तर त्यांची वेळ संपेपर्यंत थांबा.

तुमचा स्वतःचा अर्ज मात्र पत्राची वाट बघत अडवून ठेवू नका, तो वेळेत सबमिट करा. बरीच विद्यापीठं उशिरा आलेली पत्रं काही दिवस स्वीकारतात, पण उशिरा आलेला अर्ज नाही. मग विभागाच्या ग्रॅज्युएट ऑफिसला दोन ओळींचा मेल करा: दोन पत्रं पोहोचली आहेत, तिसरं अमुक तारखेपर्यंत येईल, चालेल का? स्टेटसच्या पानावर तिसऱ्या नावापुढे `Received` दिसेपर्यंत रोज एकदा बघत राहा.